चॅटची हिस्टरी उघडत नाही: मॉडेलची मर्यादा की बग? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरच्या मराठी घरांत माळ्यावरून अजूनही रोजनिश्या, पत्रांचे गठ्ठे आणि हिशेबाच्या वह्या निघतात. त्या टाइप करून जपायचं काम आम्ही काही जण करतो. अक्षर आम्हीच लावतो, आणि टाइप केलेला मजकूर एआय चॅटमध्ये टाकून त्यातून तारखांची नोंद, नावांची सूची, नातलगांचा तक्ता असं करून घेतो. एकेका वहीचं चॅट महिनोन्‌महिने चालतं, त्यामुळे "अहो, माझं चॅट उघडेना" असा फोन मला सारखा येतो. त्या फोनवर जे सांगतो तेच इथे लिहून ठेवलं आहे.

जुनं चॅट उघडतच नाही. खूप लांब झालं म्हणून मॉडेलची मर्यादा संपली असेल का?

नाही. उघडत नसेल तर त्यात मॉडेलचा संबंध नाही.

तुमचं जुनं चॅट मॉडेलमध्ये नसतं. ते कंपनीच्या सर्व्हरवर डेटाबेसमध्ये साठवलेलं असतं. डावीकडच्या यादीत तुम्ही एखाद्या नावावर क्लिक करता तेव्हा ब्राउझर त्या डेटाबेसकडे ते चॅट मागतो आणि आलेला मजकूर पडद्यावर मांडतो. या सगळ्यात मॉडेल जागंसुद्धा होत नाही. त्याचं काम तुम्ही नवा संदेश पाठवल्यावर सुरू होतं. तेव्हा आधीचं संभाषण, किंवा त्यातला जेवढा भाग मावतो तेवढा, नव्या संदेशाबरोबर त्याच्यापुढे ठेवला जातो. मागच्या वेळचं त्याला स्वतःहून काही आठवत नाही, दर वेळी सगळं नव्याने वाचायला दिलं जातं.

ही दोन कामं किती वेगळी आहेत हे 20 मार्च 2023 रोजी सगळ्यांना दिसलं. त्या दिवशी चॅटजीपीटीमध्ये काही लोकांना दुसऱ्याच माणसाच्या चॅटची शीर्षकं आपल्या यादीत दिसू लागली, म्हणून ओपनएआयने सेवा बंद केली. बग निघाला `redis-py` नावाच्या ओपन सोर्स लायब्ररीत, म्हणजे साठवलेली माहिती झटपट आणून देणाऱ्या भागात. दुरुस्तीनंतर आधी चॅट सुरू झालं आणि हिस्टरी त्याच्यानंतर परत आली, तीही काही तासांची वगळून. मॉडेल उत्तरं देत होतं आणि हिस्टरी मात्र नव्हती.

मग मॉडेलची खरी मर्यादा कशी ओळखायची?

मर्यादा आली की चॅट नीट उघडतं, पहिल्या संदेशापासून सगळं वाचता येतं, फक्त उत्तरात जुन्या गोष्टींचा पत्ता नसतो. मी लोकांना एवढंच लक्षात ठेवायला सांगतो: पडद्यावर दिसत नसेल तर आधी बग समजून तपासा, आणि पडद्यावर दिसतंय पण उत्तरात उतरत नसेल तर आधी मर्यादा समजून तपासा. दोन्हींना अपवाद आहेत, ते पुढे येतील.

मॉडेल एका वेळी किती मजकूर वाचू शकतं त्याला कॉन्टेक्स्ट विंडो म्हणतात आणि ती टोकनमध्ये मोजतात. टोकन म्हणजे शब्दाचा तुकडा. आपल्याला इथे एक जादा अडचण आहे. संगणकात इंग्रजी अक्षराला 1 बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला 3. "नमस्कार" या शब्दात काना आणि हलन्त धरून 7 चिन्हं आहेत, म्हणजे 21 बाइट. मजकुराचे तुकडे पाडणारी यंत्रणा मुख्यतः इंग्रजीवर घडवलेली असेल तर मराठी शब्दाचे जास्त तुकडे होतात. नव्या मॉडेलांत हा फरक कमी झाला आहे, पण गेलेला नाही. म्हणून इंग्रजी लेखात "अमुक पानं मावतात" असं वाचलं तर तेवढी मराठी पानं मावतील असं धरू नका.

विंडो भरली की काय होतं ते ॲपवर अवलंबून असतं. काही ॲप्स स्पष्ट सांगतात की संभाषण फार लांब झालं, नवं सुरू करा. काही गुपचूप जुना भाग गाळतात. काही जुन्या भागाचा सारांश करून तेवढाच पुढे नेतात. पहिल्या प्रकारात गोंधळ होत नाही. बाकी दोन प्रकारांत माणसाला वाटतं की हिस्टरी उडाली.

एखादं खरं उदाहरण सांगाल का?

रामबागेतल्या एका काकूंचं सांगतो, कारण त्यांच्या एकाच चॅटमध्ये दोन्ही गोष्टी घडल्या.

काकूंचे आजोबा होळकर संस्थानात कारकून होते. त्यांच्या रोजनिशीचं चॅट काकूंनी तीन महिने चालवलं. पहिल्याच संदेशात त्यांनी नियम घालून दिले होते: "रा. रा." तसंच ठेवायचं, त्याचं "श्री" करायचं नाही, गावाचं नाव "इंदूर" लिहायचं, "इंदौर" नाही, मिती असेल तिथे मितीच ठेवायची, इंग्रजी तारीख घालायची नाही.

एका दुपारी ते चॅट उघडेना. मधोमध गोल फिरत राहायचं आणि मग कोरा पडदा. काकूंनी मला फोन केला तो रडवेल्या आवाजात, "सगळं भरून गेलं वाटतं रे, आता मावत नसेल." मी गेलो. आधी त्याच यादीतलं पाककृतीचं छोटं चॅट उघडून पाहिलं, ते लगेच उघडलं. म्हणजे लॉगिन ठीक, इंटरनेट ठीक. मग रोजनिशीचं चॅट फोनवरच्या ॲपमध्ये उघडलं, तिथेही तेच. म्हणजे लॅपटॉपचा किंवा ब्राउझरचा दोष नाही. मग `F12` दाबून ब्राउझरने सर्व्हरकडे केलेल्या मागण्यांची यादी पाहिली, तर त्या चॅटची ओळ 60 सेकंद लटकून राहायची आणि सर्व्हरचा `504` हा एरर कोड येऊन लाल व्हायची. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा 60 सेकंदच.

हा नेमका आकडा महत्त्वाचा होता. इंटरनेट ढिलं असेल तर कधी 20 सेकंद लागतील, कधी 90. दर वेळी काट्यावर 60 म्हणजे मधल्या सर्व्हरने मागच्या सर्व्हरची ठरलेला वेळ वाट पाहिली आणि सोडून दिलं. `nginx` सारख्या सर्व्हरची ही वाट पाहण्याची मुदत मुळातच 60 सेकंद असते. चॅट एवढं मोठं झालं होतं की ते एका दमात डेटाबेसमधून बाहेर येत नव्हतं. लांबी कारणीभूत होतीच, पण ती मॉडेलच्या विंडोची अडचण नव्हती. आम्ही तसं लिहून कळवलं, काही दिवसांनी चॅट उघडायला लागलं आणि पहिली ओळ जिथल्या तिथे होती.

पुढच्याच आठवड्यात काकूंचा परत फोन. चॅट उघडतंय, पण उत्तरांत "रा. रा."चं "श्री" व्हायला लागलंय. काकू म्हणाल्या, "परत तोच बग आला." हा मात्र बग नव्हता. पहिला संदेश पडद्यावर दिसत होता, पण मॉडेलपुढे जाणाऱ्या भागातून तो बाहेर पडला होता. आम्ही नवं चॅट काढलं, तेच नियम वर चिकटवले, मागच्या नावांची सूची जोडली, आणि काम पुढे चाललं. हे सपोर्टला कळवायची गरज नव्हती, कळवलंही नाही.

चॅट दिसतंय पण मॉडेल विसरतंय. तरी तो बग असू शकतो का?

हो, हाच पहिला अपवाद. कधी कधी पडदा ठीक असतो पण ॲपच्या चुकीमुळे मागचं संभाषण मॉडेलकडे पाठवलंच जात नाही. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. फरक काढायला खुणेचा शब्द वापरा.

नवं चॅट उघडा आणि पहिल्या संदेशात एखादा असा शब्द द्या जो अंदाजाने येणार नाही, उदाहरणार्थ "खुणेचा शब्द: जांभळी फिरकी 47". मग दोन साधे संदेश पाठवा, आणि चौथ्यात तो शब्द विचारा. एवढ्या छोट्या चॅटमध्ये कुठल्याही मॉडेलची विंडो भरत नाही. तरीही शब्द आला नाही तर मागचे संदेश पोहोचत नाहीत, तो बग आहे, कळवा. शब्द आला, तर तुमच्या लांब चॅटमध्ये परत जा आणि तिथे दोन गोष्टी विचारा: एक अगदी सुरुवातीची, एक पाच-सहा संदेशांपूर्वीची. अलीकडची येते आणि सुरुवातीची येत नाही, तर मर्यादा. दोन्ही येत नाहीत, तर परत बगाचा संशय धरा.

एक सावधगिरी. शब्द एकदा विचारलात की तो पुन्हा चॅटच्या शेवटी लिहिला जातो, आणि पुढच्या वेळी मॉडेल तिथूनच उचलेल. म्हणून एक खूण एकदाच वापरायची.

एका चॅटमध्ये सांगितलेलं दुसऱ्या चॅटमध्ये का माहीत नसतं?

कारण प्रत्येक चॅट वेगळं वाचलं जातं. काही ॲप्समध्ये मेमरी नावाची सोय असते, ती चालू असेल तर निवडक गोष्टी पुढे नेल्या जातात, अख्खी हिस्टरी नाही. हे ना बग, ना तक्रारीचं कारण.

डावीकडची यादीच रिकामी आहे. सगळं गेलं का?

हा दुसरा अपवाद. माझ्या अनुभवात यातली बहुतेक प्रकरणं खात्याची निघतात. एकदा गूगलच्या बटणाने आत गेलात, एकदा मोबाइल नंबरने, की दोन वेगळी खाती होतात आणि दुसऱ्याची यादी रिकामी असते. वरच्या कोपऱ्यात कोणता ईमेल दिसतो ते आधी बघा. ऑफिसचं आणि घरचं वर्कस्पेस वेगळं असेल तर तेही बदलून पाहा. तात्पुरतं चॅट निवडून काम केलं असेल तर ते यादीत येतच नाही.

हे सगळं ठीक असेल तर कंपनीचं स्टेटस पान उघडा. तिथे हिस्टरीबद्दल बिघाड लिहिलेला असेल तर वेगळी तक्रार न करता थांबा.

"तुमची मर्यादा संपली, अमुक वाजता परत या" असं येतं. ही कोणती मर्यादा?

ही वापराची मर्यादा, ठरावीक वेळात किती संदेश पाठवायचे त्याची. ती कॉन्टेक्स्ट विंडोपेक्षा वेगळी आहे आणि वेळ गेली की उठते. या मर्यादेत जुनी चॅट्स वाचता यायला हवीत.

`F12` दाबून नेमकं काय बघायचं?

लॅपटॉपवर क्रोम उघडा आणि `F12` दाबा, काही लॅपटॉपवर `Fn` बरोबर दाबावं लागतं. `Network` वर जा, `Preserve log` ला खूण करा, `Fetch/XHR` निवडा. मग पान पुन्हा लोड करा आणि न उघडणाऱ्या चॅटवर क्लिक करा. ओळी धावायला लागतील. त्यातली लाल ओळ, किंवा बराच वेळ `pending` राहिलेली ओळ, आपल्या कामाची. तिच्यावर क्लिक केलं की `Headers` मध्ये `Status Code` दिसतो.

`401` आला तर लॉगिनची मुदत संपली, बाहेर पडून परत आत या. `404` म्हणजे त्या खात्यात ते चॅट सापडत नाही: चुकीचं खातं, किंवा पुसलं गेलं. `429` म्हणजे फार वेळा मागितलं, सारखं रिफ्रेश करणं थांबवा. `500` ते `504` ही सर्व्हरची बाजू, त्यात तुमच्या हातात काही नाही आणि कळवण्यासारखं तेच आहे.

आणखी एक प्रकार फसवा आहे: `200`, म्हणजे सगळं ठीक, पण पडदा कोरा. तेव्हा `Response` बघा. तिथे तुमचा मजकूर असेल तर तो आला आहे, फक्त पडद्यावर मांडताना ब्राउझर अडखळला. मराठी तिथे मराठी दिसेलच असं नाही, "रा" हे `\u0930\u093e` असंही दिसू शकतं, त्याला घाबरू नका. अशा वेळी इनकॉग्निटो विंडोत उघडून पाहा, कारण तिथे एक्स्टेंशन्स सहसा बंद असतात. तिथे उघडलं तर दोष एखाद्या एक्स्टेंशनचा किंवा जुन्या साठवलेल्या फायलींचा.

चॅटमध्येच विचारलं तर त्याने सांगितलं की जागा संपली म्हणून हिस्टरी दिसत नाही. हे सपोर्टला पाठवू का?

नका पाठवू. मॉडेलला तुमचा पडदा दिसत नाही आणि डेटाबेसच्या नोंदीही दिसत नाहीत. ते पटण्यासारखं कारण जुळवून देतं. सपोर्टमधला माणूस ते वाचून चुकीच्या दिशेने शोधायला लागतो, आणि तुमचे दोन दिवस जातात. मॉडेलचा जबाब हा पुरावा नव्हे.

सपोर्टला काय लिहायचं?

"हिस्टरी लोड होत नाही, कृपया मदत करा" एवढ्याच ओळीवर कुणालाही काही शोधता येत नाही. काकूंच्या वेळी आम्ही लिहिलं त्याचा नमुना देतो, तारीख आणि क्रमांक तुमचे घाला:

```
एकच लांब चॅट उघडत नाही, बाकी उघडतात.
चॅटचा पत्ता: (ॲड्रेस बारमधला)
वेळ: 16:12 IST (10:42 UTC), 3 वेळा
दिसतं: 60 सेकंद फिरतं, मग कोरा पडदा
Status: 504
x-request-id: (तिथला क्रमांक)
क्रोम/विंडोज आणि अँड्रॉइड ॲप, दोन्हीकडे
वायफाय आणि मोबाइल डेटा, दोन्हीवर
शेवटचं नीट उघडलं: काल रात्री 9 वाजता
```

यातल्या दोन ओळींवर लोक आळस करतात. पहिली वेळेची. सर्व्हरच्या नोंदी बहुधा UTC मध्ये असतात आणि आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे, म्हणून दोन्ही लिहा. मिनिटापर्यंत अचूक वेळ असेल तर हजारो ओळींतून तुमची ओळ सापडते. दुसरी `x-request-id` ची. तो लाल ओळीच्या `Headers` मध्येच `Response Headers` खाली असतो. काही ठिकाणी नाव थोडं वेगळं, `request-id`, असतं. तुमच्या त्या एकाच प्रयत्नाचा हा क्रमांक आहे आणि सपोर्टला तो मिळाला की अर्धं काम झालं.

पडद्यावरचा इंग्रजी संदेश भाषांतर न करता जसाच्या तसा उतरवा. बाकी मजकूर मराठीत लिहिलात तरी चालेल, वाक्यं लहान ठेवा. आणि चॅटचा पत्ता द्यायचा तो ॲड्रेस बारमधला, शेअर बटणातून निघणारा नाही. शेअरची लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला चॅट वाचता येतं, आणि रोजनिशीत घरातल्या गोष्टी असतात.

सपोर्टने HAR फाइल मागितली. द्यावी का?

द्या, पण समजून द्या. त्या फाइलमध्ये ब्राउझर आणि सर्व्हरमधली सगळी देवाणघेवाण उतरते, तुमच्या चॅटच्या मजकुरासकट. तुम्ही लॉगिन आहात हे सांगणाऱ्या कुकीजही त्यात असू शकतात. ऑक्टोबर 2023 मध्ये ओक्टा या कंपनीच्या सपोर्ट यंत्रणेत घुसखोरी झाली तेव्हा ग्राहकांनी पाठवलेल्या अशाच फायलींमधल्या सेशन टोकनचा गैरवापर झाला होता. हल्लीच्या क्रोममध्ये `Export HAR (sanitized)` असतं, तेच निवडा. फाइल फक्त सपोर्टच्या अधिकृत तिकिटात जोडा, व्हॉट्सॲप ग्रुपवर "कुणी बघा रे" म्हणून टाकू नका, आणि पाठवून झाल्यावर सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट करा.

उत्तर येईपर्यंत काय टाळायचं?

न उघडणाऱ्या चॅटमध्ये नवे संदेश पाठवू नका. कोऱ्या पडद्यावर पाठवलेला संदेश कधी कधी मागच्या संभाषणाशिवाय जातो आणि मग आधीच बिघडलेल्या गोष्टीत आणखी एक गुंता होतो. चॅट पुसून "परत आणा" म्हणू नका. लाल ओळीची नोंद घेण्याआधी ब्राउझरचा डेटा साफ करू नका.

एक गोष्ट मात्र लगेच करा: सेटिंग्जमध्ये डेटा एक्स्पोर्ट असेल तर मागवा. ईमेलवर लिंक येते, ती लवकर बंद होते, आल्या आल्या उतरवून घ्या. त्या फाइलमध्ये तुमचं चॅट सापडलं तर मजकूर शाबूत आहे, फक्त पडद्यावर येत नाही. हेही तिकिटात लिहा, कारण त्यांच्यासाठी ते दोन वेगळे आजार आहेत.

सपोर्टने "चॅट फार लांब आहे, ही मॉडेलची मर्यादा आहे" असं ठरावीक उत्तर पाठवलं. आता?

नम्रपणे, पण ठाम लिहा: "मी नवा संदेश पाठवत नाही आहे. जुने संदेश वाचायला मागतो आहे आणि त्या मागणीला 504 येतो आहे." या दोन वाक्यांनी तिकीट योग्य माणसाकडे जाण्याची शक्यता पुष्कळ वाढते. पण खुणेच्या शब्दाने तुमचीच तपासणी मर्यादेकडे बोट दाखवत असेल तर वाद घालू नका, नवं चॅट काढा आणि नियम वर चिकटवा.

दुरुस्त झालं म्हणतात. काय तपासू?

पहिला संदेश, शेवटचा संदेश, आणि मधला एखादा ज्याची तारीख तुम्हाला पक्की ठाऊक आहे. काकूंनी रोजनिशीची वही समोर उघडून ठेवली आणि मधल्या पाचसहा नोंदी बोट ठेवून जुळवल्या. एक नोंद चॅटमध्ये नव्हतीच. ती बिघाडाच्या दुपारी, कोऱ्या पडद्यावरून पाठवलेली होती. तेवढी त्यांनी परत टाइप केली.